कार्यशाळेच्या तिकिटांवर सवलत ठेवताना या चुका टाळा

सर्वांत महागडी चूक म्हणजे लवकर नोंदणीची सवलत तारखेने बांधणे, पण जागांनी न बांधणे. एका आयोजकांनी 40 जागांच्या कार्यशाळेचे मूळ शुल्क 100 धरले. एकूण स्थिर खर्च 1800 होता आणि प्रत्येक व्यक्तीमागे साहित्याचा खर्च 20 होता. लवकर नोंदणीला 30 टक्के आणि पाच जणांच्या गटाला 25 टक्के सवलत होती. दोन्ही एकत्र घेता येणार नाहीत, असे मात्र कुठेही लिहिलेले नव्हते. मुदतीच्या आत चार गट आले आणि त्यांना दोन्ही सवलती लागू होऊन तिकीट 52.50 ला पडले. आणखी 16 जणांनी 70 ला तिकीट घेतले आणि पूर्ण शुल्क भरणारे चारच उरले. साहित्याचा खर्च वजा जाता हाती 1770 आले, म्हणजे सभागृह भरूनही 30 चा तोटा झाला.

अशा वेळी मी लवकरच्या जागा एकूण जागांच्या चौथ्या हिश्श्यावर थांबवतो, एका तिकिटाला एकच सवलत देतो आणि गटाची सवलत 15 टक्के ठेवतो. वरच्याच उदाहरणात साहित्याचा खर्च वजा जाता लवकरच्या 10 जागांचे 500 आणि गटांतील 20 जणांचे 1300 मिळून 1800 चा स्थिर खर्च पुरता भागला असता, शेवटच्या 10 जागा रिकाम्या राहिल्या असत्या तरीही.

गटाची सवलत 25 टक्के ठेवण्यात आणखी एक खोच आहे, जी घाईने आकडे ठरवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. चार तिकिटांचे 400 होतात आणि पाचांचे 375. त्यामुळे चौघे जण पाचवे तिकीट नुसते नावापुरते घेतात आणि ती जागा अडून राहते. पाचाच्या गटाला सवलत 20 टक्क्यांपेक्षा कमी हवी, दहाच्या गटाला 10 टक्क्यांपेक्षा कमी. टक्केवारी ठरवण्याआधी उंबरठ्याच्या अलीकडची आणि पलीकडची एकूण रक्कम शेजारी शेजारी लिहून पाहावी.

मुदत अनेकजण महिनाअखेर म्हणून ठरवतात, हे मला पटत नाही. सभागृहाचे आरक्षण अनामत न गमावता ज्या दिवसापर्यंत रद्द करता येते, तो दिवस आधी शोधावा आणि लवकर नोंदणी त्याच्या आठवडाभर आधी संपवावी, म्हणजे प्रतिसाद पाहून निर्णय घ्यायला वेळ मिळतो. मुदतीत तारखेसोबत वेळही लिहावी आणि ‘मुदत किंवा जागा, जे आधी संपेल ते’ ही अट ठळक द्यावी.

नोंदणी कमी झाली म्हणून मुदत वाढवू नये. वेळेत पैसे भरलेल्यांचा विश्वास त्याने उडतो आणि पुढच्या वेळी सगळेच वाट पाहत बसतात.

पैसे न भरता गटासाठी राखलेली जागा 48 तासांनी सोडून द्यावी. गटातले दोघे गळाले तर उरलेल्यांना कोणता दर लागेल, हे विक्री सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवावे.