जीआयएस टेक्निशियनच्या अर्जपत्रात एक चूक सविस्तर सांगा

भूगोलाची पदवी झालेले बरेच जण अर्जासोबतच्या पत्रात ‘मला QGIS येते, क्षेत्रभेटीचा अनुभव आहे’ एवढंच लिहितात. असं वाक्य प्रत्येक अर्जात असतं. त्यापेक्षा स्वतः गोळा केलेल्या माहितीतली एखादी चूक कशी ओळखली आणि दुरुस्त केली, ते चार-पाच वाक्यांत लिहा. या पदाचं रोजचं काम बहुतेक तेच असतं.

समजा, प्रकल्पासाठी तुम्ही यवतमाळ परिसरातल्या विहिरींची नोंद केली. मग पत्रात असं लिहिता येईल:

“विहिरींवर प्रत्यक्ष जाऊन मी जीपीएसने स्थान घेतलं आणि टेपने पाण्याची खोली मोजली. नकाशावर काही विहिरी अरबी समुद्रात दिसल्या. ७८° पूर्व रेखांशावर यूटीएमचा झोन बदलतो. ४४ झोनमधले बिंदू ४३ मध्ये वाचले गेल्याने ते सहा अंश पश्चिमेला सरकले होते. त्यांना EPSG:32644 देऊन मी ते गावांच्या सीमांशी पडताळले.”

पुढे एका वाक्यात किती नोंदी दुरुस्त झाल्या आणि किती वगळाव्या लागल्या, ते सांगा. वगळलेल्या नोंदी लपवू नका. जी नोंद पडताळता आली नाही ती बाजूला ठेवली, हे वाचूनच तुमच्या कामावर विश्वास बसतो. आकडे मात्र स्वतःच्या वहीतलेच हवेत, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न यावरच येऊ शकतो. सॉफ्टवेअरची यादी बायोडेटात असतेच, ती पत्रात पुन्हा नको. सगळं एका पानात बसवा.