स्लीप सॅक ‘वाढत्या अंगाची’ का घेऊ नये: वजन, लांबी, गळा आणि मुंढा कसा तपासायचा

लहान मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायचे ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि झबल्या-चड्डीपुरती ती शहाणपणाचीही आहे. बाही लांब झाली तर दुमडता येते, चड्डी सैल असली तर नाडी ओढता येते. पण स्लीप सॅक, म्हणजे बाळाला रात्री घालायची बिनबाह्यांची झोपण्याची पिशवी, अंगात असताना बाळ तासन् तास एकटे झोपलेले असते आणि आपणही झोपलेले असतो. तिचा गळा मोठा असेल तर बाळ हालचाल करता करता आत सरकते. हनुवटी कापडात जाते, मग तोंड, मग नाक. तीन-चार महिन्यांच्या बाळाला ते कापड हाताने बाजूला करता येत नाही. म्हणून स्लीप सॅकला वाढीची जागा पायाकडे ठेवायची असते, गळ्याकडे अजिबात नाही. पुढचे सगळे मोजमाप एवढ्यासाठीच आहे.

आधी बाळ मोजा, मग लेबल वाचा

आजचे वजन हवे, जन्माचे नको. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीकरणाला बाळाचे वजन करून घेतले तर ते माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून मिळते. मध्ये गरज पडली तर घरच्या डिजिटल काट्यावर आधी बाळाला घेऊन उभे राहा, मग एकट्याने, आणि फरक काढा. असे वजन शंभर-दोनशे ग्रॅमने चुकू शकते. त्यामुळे लेबलवरच्या खालच्या आकड्याच्या अगदी जवळ असाल तर त्यावर विसंबू नका, दवाखान्यात वजन करून घ्या.

लांबी मोजायला दोन माणसे लागतात. बाळाला कडक गादीवर किंवा सतरंजीवर उताणे ठेवा आणि डोक्याला टेकवून एक जाड पुस्तक उभे धरा. दुसऱ्याने गुडघा हळूच दाबून पाय सरळ करायचा आणि टाचेला दुसरे पुस्तक टेकवायचे. बाळाला उचलून घेतले की दोन पुस्तकांमधले अंतर टेपने मोजा. टेप थेट बाळाच्या अंगावरून नेली तर ती पोटाच्या उंचवट्यावरून जाते आणि लांबी जास्त भरते. टेप हातात आहे तोवर डोक्याचा घेरही मोजून घ्या, भुवयांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सर्वात फुगीर भागावरून.

आता लेबल. त्यावरचे महिने सोडून द्या. ‘शून्य ते सहा महिने’ हे त्या कंपनीच्या नजरेसमोरच्या बाळाचे माप असते. आपल्याकडे अडीच-पावणेतीन किलोची बाळे सर्रास जन्माला येतात आणि तीच पिशवी त्यांना पहिले कित्येक आठवडे मोठी होते. सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे किमान वजन. बाळ त्याच्या खाली असेल तर लांबी जुळते का, कापड किती मऊ आहे, हे पाहायचेही कारण नाही. परदेशातून आलेल्या भेटीवर वजन पौंडात असते. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला वयाचा हिशेब तर मुळीच लावू नका. फक्त वजन पाहा आणि पिशवी वापरण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

पिशवीची लांबी काढायचा एक सोपा हिशेब आहे: बाळाच्या लांबीतून डोक्याची लांबी वजा करा आणि पाय हलवायला १० सेंटिमीटर मिळवा. लहान बाळाचे डोके, टाळूपासून हनुवटीपर्यंत, अंगाच्या साधारण चौथ्या हिश्शाचे असते. येणारा आकडा पिशवीच्या खांद्यापासून तळापर्यंतच्या लांबीशी ताडून पाहा. पाच-सहा सेंटिमीटर जास्त असेल तर चालते, तीच वाढीची जागा.

गळा

या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

पिशवी एकदा धुऊन, वाळवून मगच तपासा. सुती कापड धुतल्यावर आटते आणि विणीची गळपट्टी ढिली पडू शकते, त्यामुळे नव्याचे माप फसवे असते. सगळी बटणे आणि चेन लावा, पिशवी सपाट पसरा, गळ्याची आडवी रुंदी मोजून दुप्पट करा. हा साधारण घेर झाला. आता गळपट्टी दोन्ही हातांनी ताणून पुन्हा मोजा. रात्री कापड ताणले जाणारच आहे, म्हणून ताणलेला आकडाच खरा धरा.

हा आकडा डोक्याच्या घेरापेक्षा बराच कमी हवा, एक-दोन सेंटिमीटरने नव्हे. याला कारण आहे. आपण टेपने मोजतो तो डोक्याचा मोठा घेर असतो. बाळाने हनुवटी छातीला टेकवली की डोके याहून लहान घेरातून निघू शकते. जन्माच्या वेळी मोठा घेर सुमारे ३४ सेंटिमीटर असेल तर तो लहान घेर सुमारे ३२ असतो. बाळंतपणात डोके याच बाजूने बाहेर येते.

पण डोके आत जात नाही एवढ्यावर गळा पास होत नाही. नुसती हनुवटी आणि तोंड आत गेले तरी धोका तोच. त्यासाठी बाळाच्या अंगावर दोन चाचण्या करा. रात्री आत जे झबले घालणार तेच घालून करा, जाड स्वेटरवर गळा घट्ट वाटतो आणि पातळ झबल्यावर ढिला पडतो.

पहिली चाचणी बोटाची. मान आणि गळपट्टी यांच्यामध्ये तुमचे एक बोट सपाट, सहज गेले पाहिजे. एकावर एक ठेवलेली दोन बोटे जात असतील तर गळा मोठा आहे. एकही बोट जात नसेल किंवा मानेवर लाल वळ उठत असेल तर पिशवी लहान झाली आहे.

दुसरी चाचणी ओढण्याची. बाळ उताणे, जागे आणि खूश असताना दोन्ही खांद्यांवरचे कापड चिमटीत धरून हळूच डोक्याच्या दिशेने ओढा. गळपट्टी हनुवटीच्या खालीच अडली पाहिजे. ती ओठांपर्यंत चढत असेल तर ती पिशवी आज वापरायची नाही. मग बाळाला काखेत धरून आडवेच थोडे पायाकडे सरकवा आणि चेहरा पाहा. पायाने रेटा देत बाळ रात्री नेमके असेच सरकते.

मोठा गळा सेफ्टी पिन लावून, दोरा घालून किंवा इलॅस्टिक ओवून लहान करू नका. पिन उघडते, दोरा मानेभोवती येतो. टोपी जोडलेली पिशवीही झोपताना नको.

मुंढा

बाही नसलेल्या पिशवीत हात बाहेर येतो तो मुंढा. तो मोठा असला तर दोन गोष्टी होतात: हात मागे ओढला जाऊन पिशवीत अडकतो, किंवा बाळ कुशीला कलंडून खांदा आणि चेहरा त्या फटीकडे जातो. बाळाचा हात कोपरात दुमडून हळूच आत ढकलून पाहा. कोपर सहज आत गेले तर मुंढा मोठा आहे. हात वर उचलल्यावर काखेखाली बरगड्यांचा मोठा भाग उघडा दिसत असेल तरी तेच समजा. काखेत एक बोट जावे आणि सकाळी तिथे वळ नसावा.

बऱ्याच पिशव्यांना काखेखाली टिचबटणे असतात. ती शोभेची नाहीत. बाळ लहान असेपर्यंत मुंढा आवळून ठेवण्यासाठी ती लावायचीच असतात, आणि घाईत नेमकी हीच राहून जातात.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू

दोन महिन्यांची मुलगी. वजन ४.२ किलो, लांबी ५४ सेंटिमीटर, डोक्याचा घेर ३७. मावशीने अमेरिकेहून पिशवी पाठवली आहे. लेबलवर शून्य ते सहा महिने, १० ते १८ पौंड. महिन्यांनी पाहिले तर ती अगदी मापात आहे. पण १० पौंड म्हणजे साडेचार किलो, आणि मुलगी ३०० ग्रॅमने कमी आहे. लांबीचा हिशेब: ५४ वजा साडेतेरा, अधिक १०, म्हणजे सुमारे ५०. पिशवी खांद्यापासून ६४ सेंटिमीटर भरते, पायाकडे जरुरीपेक्षा १४ जास्त. गळ्याची रुंदी १४, म्हणजे घेर २८, ताणून ३१. डोके यातून जाणार नाही. तरी मानेशी दोन बोटे जातात आणि ओढल्यावर गळपट्टी खालच्या ओठाला लागते.

पिशवी बाजूला ठेवायची. या वयात बाळ रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढते, म्हणजे दहा-बारा दिवसांत वजन साडेचार किलोला पोहोचेल. त्या दिवशी दोन्ही चाचण्या पुन्हा करायच्या. वजन बसले आणि गळा तरीही चढला, तर निर्णय गळ्याचा मानायचा. तोवर मऊ झबले, पायजमा आणि हवेप्रमाणे आणखी एक कपडा पुरतो. मुंबईच्या मे महिन्यात तर पिशवीची गरजच नसते. बाळाला किती गरम होते ते हातापायांवरून नाही, मानेच्या मागे आणि छातीला हात लावून कळते. घामट लागले तर एक थर कमी करा. घरात झोपताना कुंची-टोपडेही काढा.

स्वॉडल असेल तर

स्वॉडल म्हणजे बाळाला लपेटून ठेवायचे कापड किंवा पिशवी. त्यात हात आत असतात, म्हणून लेबलवरची वजनाची मर्यादा आणखी काटेकोरपणे पाळा. मोठ्या स्वॉडलची वरची कड बाळाच्या धडपडीने तोंडावर येते आणि हात मोकळे नसतात. दुपट्यात गुंडाळत असाल तर वरची कड खांद्याच्या रेषेत ठेवा. छाती आणि कापडात दोन-तीन बोटे गेली पाहिजेत. श्वासाबरोबर पोट-छाती हलताना दिसली पाहिजे. रात्री कापड सुटत असेल तर आणखी आवळू नका, मापाचे चेनवाले किंवा चिकटपट्टीचे स्वॉडल घ्या.

कमरेखाली मात्र ढिले हवे. पाय सरळ व्हावेत म्हणून ते ताणून, जुळवून बांधायची पद्धत खुब्याच्या सांध्याला घातक आहे. गुडघे वाकून बेडकासारखे बाहेर पडायला जागा ठेवा. आजीला हे पटायला वेळ लागतो. डॉक्टरांकडे जाताना तिला सोबत न्या आणि त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.

बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागले की त्याच दिवशी स्वॉडल बंद. बहुतेकांचे हे तीन-चार महिन्यांत होते, काहींचे दोन महिन्यांतच. पालथे झालेले बाळ हात बांधलेले असताना डोके उचलून वळू शकत नाही. पिशवी असो वा स्वॉडल, झोपवायचे उताणेच. आत वजनाचे दाणे शिवलेले प्रकार कितीही झोप लागते म्हणाले तरी घेऊ नका.

गळ्याची आणि मुंढ्याची तपासणी पहिले सहा महिने दर दोन आठवड्यांनी करा. पिशवी मोठ्या भावंडाची वापरलेली असेल तर वापरायच्या आधी गळपट्टी ताणून सोडा. ती लगेच मूळ आकारात परत येत नसेल तर ती पिशवी झोपेसाठी नको.