फ्रेंचचा ए-१ उतारा वर्गात द्यायच्या आधी काय काय बघायचं

विषय नेहमीचाच, घर ते ऑफिस रोजचा प्रवास. गेल्या वेळी मी असा उतारा घाईत केला, खाली पाच प्रश्न टाकले, आणि अख्ख्या वर्गाला पैकीच्या पैकी. मला बरं वाटलं. मग एका मुलीला सहज विचारलं की उताऱ्यातली बाई स्टेशनवर 'दसाँद्र' करते म्हणजे नक्की काय करते, तर 'उतरते' एवढंही तिला सांगता येईना. उत्तर मात्र बरोबर लिहिलेलं. म्हणून ही यादी.

आधी गाव आणि रूट ठरवा, आणि नकाशा उघडून ठरवा, मनाने नको. मी लिओं घेतलंय. नादिआ वेझला राहते, ऑफिस पार-द्योला. मेट्रोची डी लाइन, साक्स-गाम्बेत्ताला बदलायचं, तिथून बी लाइनने दुसरं स्टेशन. एवढा एक बदल ए-१ ला पुरतो. एक सांभाळा, फ्रेंचमध्ये ट्रेनचं स्टेशन 'गार', मेट्रोचं 'स्तास्यों', बस-ट्रामचा स्टॉप 'आरे', असं आपण शिकवतो आणि नेमकं वेझच्या मेट्रो स्टेशनचं नाव 'गार द वेझ' आहे, त्यामुळे मुलं तिला ट्रेनमध्ये बसवतात. नाव ठेवायचं तर आधी तोंडी सांगून टाका.

लांबी नव्वदेक शब्द, सगळं वर्तमानकाळात, नवे शब्द चार, फार तर पाच. वेळ आकड्यात लिहा, ७ वाजून ४०. 'आठला वीस कमी' ही पद्धत शिकवली नसेल तर आणू नका, नाहीतर मुलं तिथेच अडकतात आणि प्रवास राहतो बाजूला. मेट्रोने 'आँ', पायी 'आ', हे ठाऊक आहेच.

आता प्रश्न. प्रश्नातलं क्रियापद उताऱ्यात जसंच्या तसं आहे का बघा. मी हेच विसरले होते. उताऱ्यात 'नादिआ साक्स-गाम्बेत्ताला दसाँद्र करते' आणि प्रश्न 'नादिआ कुठे दसाँद्र करते?', मग पोरं तो शब्द शोधतात, शेजारचं नाव उचलतात, झालं. मराठीत करून बघा: 'सुमन ठाण्याला झपुकते. सुमन कुठे झपुकते?' ठाण्याला! झपुकणे हा शब्दच नाही, तरी उत्तर आलं. प्रत्येक प्रश्नाला ही झपुकायची टेस्ट लावा. प्रत्येक. क्रियापदाच्या जागी काहीही बनावट शब्द टाका आणि तरीही उत्तर येत असेल तर प्रश्न बदला.

बदलायचा कसा, तर उत्तर उताऱ्यात लिहिलेलं नसावं पण उताऱ्यातूनच निघावं. नादिआ ७:४० ला निघते, दहा मिनिटं चालते, ८:१५ ला ऑफिसात पोचते, काम ८:३० ला सुरू. विचारा, ती वेळेआधी पोचते की उशिरा? 'वेळेआधी' हा शब्द उताऱ्यात नाही, दोन वाक्यं जोडावीच लागतात. विचारा, मेट्रोच्या किती लाइन घेते? 'दोन' कुठेच लिहिलेलं नाही, डी वाचून मग 'बदलते' कळलं तरच येतं. एक प्रश्न वाराचा ठेवा. 'ल व्हाँद्रदी' म्हणजे दर शुक्रवारी, नुसतं 'व्हाँद्रदी' म्हणजे या शुक्रवारी. 'ल व्हाँद्रदी ती घरून काम करते' असं लिहून विचारा की ती आठवडाभर रोज मेट्रोने जाते का, हो की नाही, आणि कशावरून ते वाक्य लिहा. इथे वाक्य उतरवलं तरी चालतं, कारण कुठलं उतरवायचं हे कळल्याशिवाय जमत नाही.

पहिला एक प्रश्न सोपा, सरळ उचलायचा असू दे, कच्च्या मुलांचा हात चालू होतो. एकच पण. बाकी चार झपुकायच्या टेस्टमधून गेलेले हवेत, आणि ही टेस्ट कागद छापायच्या आधी करायची, वर्गात गेल्यावर काही करता येत नाही.

उलटंही तपासा, उतारा झाकून प्रश्न वाचा. 'मेट्रोत सकाळी गर्दी असते का?' याला उतारा लागतच नाही, काढून टाका.

उत्तरं स्वतः पूर्ण वाक्यात लिहून ठेवा, त्यात न शिकवलेलं व्याकरण लागतंय का ते लगेच दिसतं. मार्क दोन-दोन, अर्थाला एक आणि भाषेला एक. वेळ पंधरा मिनिटं. अ‍ॅक्सेंट प्रिंटमध्ये उडालेत का बघा. आणि छापायला द्यायच्या आधी पुन्हा एकदा, प्रश्नातलं क्रियापद आणि उताऱ्यातलं क्रियापद, बोट ठेवून, पाचही.