मैत्रिणीला इंग्रजीत ‘सॉरी गं’ म्हणताना

मूळ मेसेज असा आहे: ‘अगं सॉरी गं, काल फोन करायचा राहूनच गेला. रागावू नकोस ना.’

यात खरी अडचण ‘राहूनच गेला’ची आहे. मराठीत इथे ‘मी’ नसतो आणि ते मुळीच खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘द कॉल वॉज नॉट मेड’ लिहिलं तर ऑफिसचा खुलासा वाटतो, शिवाय चूक कबूल करायचं टाळल्यासारखं दिसतं. म्हणून तिथे ‘आय’ आणायचाच: ‘आय टोटली फरगॉट टू कॉल यू येस्टरडे.’

‘अगं’, ‘गं’ आणि ‘ना’ यांना प्रतिशब्द शोधू नका. त्यांची माया ‘सो सॉरी’मधल्या ‘सो’वर आणि ‘डोन्ट’सारख्या जोडरूपांवर सोपवा. ‘प्लीज डू नॉट बी अँग्री’ हे बरोबर आहे, पण फार ताठ. ‘प्लीज डोन्ट बी मॅड’ जवळचं वाटतं. मैत्रीण इंग्लंडमध्ये वाढली असेल तर ‘मॅड’ऐवजी ‘क्रॉस’ही चालेल.

पूर्ण मेसेज: ‘हे, सो सॉरी! आय टोटली फरगॉट टू कॉल यू येस्टरडे. प्लीज डोन्ट बी मॅड.’

पाठवण्याआधी मोठ्याने वाचा. ‘अपॉलोजाइज’ किंवा ‘इनकन्व्हीनियन्स’ सापडलं, तर ते वाक्य नव्याने लिहा.