पेड न्यूजलेटरचा खर्च भरून निघायला किती वर्गणीदार लागतात? हिशोबातल्या या चुका टाळा

सशुल्क न्यूजलेटर सुरू करताना बहुतेक जण एकच भागाकार करतात: महिन्याचा खर्च भागिले वर्गणी. येणारा आकडा जवळजवळ नेहमीच कमी असतो. मग कुणीतरी कर आठवून देतं आणि वर्गणीतूनच घाईघाईने ३० टक्के कापले जातात. आता आकडा भलताच फुगतो. या दोन्ही चुका एकाच ठिकाणी होतात. कोणती रक्कम वर्गणीतून जाते आणि कोणती नफ्यातून, हे वेगळं केलेलंच नसतं.

एक उदाहरण धरून चालू. समजा, नाशिकमधून कांद्याच्या बाजारावर एक साप्ताहिक न्यूजलेटर निघतं: लासलगाव-पिंपळगावची आवक, भाव, साठवणूक, निर्यातीचे निर्णय. वर्गणी महिन्याला ९९ रुपये. चार अंकांच्या मुद्रितशोधनाचे २,०००, बाजार समित्यांत फिरणं आणि फोन यांचे २,५००, सीएची वर्षाची फी महिन्यावर पसरून १,००० आणि डोमेन व इतर साधनांचे ५००. एकूण ६,००० रुपये. लेखकाचं मानधन यात धरलेलं नाही, त्याकडे पुढे येऊ.

वर्गणीने भागणं

६,००० भागिले ९९ म्हणजे ६०.६, अर्थात ६१ वर्गणीदार. पण ९९ रुपये लेखकाच्या हातात येतच नाहीत. समजा प्लॅटफॉर्म १० टक्के कमिशन घेतो आणि पेमेंट गेटवे २ टक्के. या दोन्ही शुल्कांवर सहसा १८ टक्के जीएसटी लागतो आणि हाच भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. लेखकाची स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल, तर तो जीएसटी परत मिळत नाही, सरळ खर्चात जातो. त्यामुळे १२ टक्के वाटणारी कपात प्रत्यक्षात १४.१६ टक्के होते. ९९ मधून १४ रुपये २ पैसे जातात आणि ८४ रुपये ९८ पैसे उरतात. भागायचं ते या आकड्याने. स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत:

```
=ROUNDUP(6000/(99*(1-0.12*1.18)),0)
```

उत्तर ७१ येतं. इथे `ROUNDUP` मुद्दाम वापरलंय, कारण ७०.६ वर्गणीदार मिळत नाहीत आणि ७० वर खर्च भरून निघत नाही. या हिशोबातून एक सोयीचं माप हाती येतं. महिन्याचा खर्च १,००० रुपयांनी वाढला की साधारण १२ वर्गणीदार जास्त लागतात. चित्रकाराला अंकामागे २५० रुपये द्यायचे ठरवलं, तर ते १२ जण कुठून येणार हे आधीच विचारता येतं.

डॉलरमध्ये वर्गणी घेणाऱ्यांना आणखी एक खाच लक्षात ठेवावी लागते. अमेरिकेतला कुणी मराठी लेखक सबस्टॅक या न्यूजलेटर प्लॅटफॉर्मवर महिन्याला ५ डॉलर घेत असेल, तर सबस्टॅकचे १० टक्के जातात आणि स्ट्राइप या पेमेंट गेटवेच्या तिथल्या नेहमीच्या दराने २.९ टक्के, आपोआप वसूल होणाऱ्या वर्गणीचे ०.७ टक्के अधिक प्रत्येक व्यवहाराला ३० सेंट. हे ३० सेंट रक्कम कितीही लहान असली तरी तेवढेच राहतात. त्यामुळे साडेतेरा टक्के वाटणारी कपात ५ डॉलरवर साडेएकोणीस टक्क्यांच्या वर जाते आणि हातात ४ डॉलर २ सेंट येतात. तीच वर्गणी वर्षाला ५० डॉलर एकरकमी घेतली, तर कपात १४.२ टक्क्यांवर येते. लहान वर्गणी दर महिन्याला घेणं अशा दररचनेत महागच पडतं.

वार्षिक वर्गणी या महिन्याच्या कमाईत धरणं

आपल्या कांद्याच्या न्यूजलेटरची वार्षिक वर्गणी ९९९ रुपये आहे असं धरा. कपात जाऊन ८५७ रुपये ५४ पैसे उरतात, म्हणजे महिन्याला ७१ रुपये ४६ पैसे. मासिक वर्गणीदारापेक्षा साडेतेरा रुपये कमी. निम्मे वर्गणीदार वार्षिक असतील, तर सरासरी ७८ रुपये २२ पैशांवर उतरते आणि खर्च भरून निघायला ७१ नव्हे, ७७ जण लागतात.

खरा धोका मात्र रोकडीचा आहे. दिवाळीच्या निमित्ताने ४० जणांनी वार्षिक वर्गणी भरली, की खात्यात एकदम ३४,३०० रुपये दिसतात आणि वर्ष निघालं असं वाटतं. पण त्या ४० जणांना पुढचे १२ महिने अंक द्यायचे आहेत. त्यातले दर महिन्याला साधारण २,८६० रुपयेच त्या महिन्याचे, बाकीचे आगाऊ घेतलेले. ते वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि महिन्याच्या हिशोबात बारावा हिस्साच धरावा. हे न केल्यास फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्गणीदार तितकेच असतात, पण मुद्रितशोधकाला द्यायला पैसे नसतात.

जीएसटी आणि आयकर एकाच खात्यात टाकणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

जीएसटी वर्गणीतून जातो. सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात आणि गोव्यात नोंदणी सक्तीची नाही. पण ही उलाढाल फक्त न्यूजलेटरची नसते. एकाच पॅनवर तुम्ही भाषांतराची, सल्ल्याची, प्रशिक्षणाची कामं करत असाल, तर तीही धरली जातात. आणि उलाढाल मोजायची पूर्ण ९९ रुपयांनी, हातात आलेल्या ८५ ने नव्हे. नुसत्या ९९ रुपयांच्या न्यूजलेटरला २० लाख गाठायला वर्षभर सुमारे १,६८४ वर्गणीदार लागतील. त्यामुळे ७१ च्या आसपास असणाऱ्याला जीएसटीची चिंता नसते, पण आधीच १९ लाखांची इतर कामं करणाऱ्याला असते.

छापील मासिकाला जीएसटी नाही म्हणून न्यूजलेटरलाही नसेल, असं समजू नये. छापील नियतकालिकांवर कर शून्य आहे. ऑनलाइन मजकुराच्या वर्गणीवर १८ टक्के आहे.

नोंदणी झाली आणि वर्गणी ९९ च ठेवली, तर त्या ९९ मध्येच कर आहे. ९९ भागिले १.१८ म्हणजे ८३ रुपये ९० पैसे तुमचे, बाकीचे १५ रुपये १० पैसे सरकारचे. ९९ मधून १८ टक्के वजा करून ८१ रुपये १८ पैसे काढणं चूक आहे. कमिशन मात्र पूर्ण ९९ वर कापलं जातं: ९ रुपये ९० पैसे आणि १ रुपया ९८ पैसे. आता त्या कमिशनवरचा जीएसटी तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो, म्हणजे भरायच्या जीएसटीतून वजा होतो, त्यामुळे तो खर्चात धरायचा नाही. हातात उरतात ७२ रुपये २ पैसे. खर्च ६,००० च राहिला, तर ८४ वर्गणीदार. पण खर्च तेवढा राहत नाही, कारण रिटर्न भरायचे म्हणून सीएची फी वाढते. ती महिन्याला १,५०० ने वाढली असं धरलं, तर ७,५०० भागिले ७२.०२, म्हणजे १०५. करापेक्षा कराच्या कागदपत्रांनी आकडा जास्त वाढवला, हे लहान न्यूजलेटरमध्ये सर्रास घडतं. वर्गणी ११७ करून कर वाचकाकडून घेणं हा पर्याय आहेच, पण मग किती जण सोडून जातील तेही मोजायला हवं.

आयकराचं गणित वेगळं. तो नफ्यावर लागतो. खर्च जेमतेम भरून निघतो तिथे नफा शून्य असतो, म्हणून न्यूजलेटरमुळे आयकरही लागत नाही. ८५ रुपयांतून ३० टक्के कापून ५९ रुपये ५० पैशांनी भागलं, तर १०१ वर्गणीदार येतात. त्या आकड्याला काही अर्थ नाही. तो पाहून चांगली कल्पना सोडून दिली, तर मात्र खरंच नुकसान आहे.

आयकर येतो तो मानधन धरल्यावर. समजा, महिन्याला २०,००० रुपये करानंतर हातात हवेत. ज्याचं दुसरं उत्पन्न नाही, त्याचा वर्षाचा नफा २ लाख ४० हजार. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर शून्य आहे. त्याला २६,००० भागिले ८४.९८, म्हणजे ३०६ वर्गणीदार पुरतात. ज्याचं नोकरीतलं करपात्र उत्पन्न साडेसोळा लाख आहे, त्याच्या न्यूजलेटरच्या प्रत्येक रुपयावर २० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे २०.८ टक्के लागतात. हातात २०,००० यायला त्याला २५,२५३ रुपये नफा हवा, म्हणजे ३६८ वर्गणीदार. न्यूजलेटर तेच, वर्गणी तीच, तरी दोघांत ६२ वर्गणीदारांचा फरक पडला. दुसऱ्याचा आकडा उचलून आपला अंदाज बांधू नये तो यासाठी.

प्लॅटफॉर्मने टीडीएस कापला असेल, तर तो खर्चात टाकू नका. तो तुमच्याच आयकराचा आगाऊ भरणा आहे आणि विवरणपत्र भरताना वळता होतो.

यादीतली नावं मोजणं

डॅशबोर्डवर ८० वर्गणीदार दिसतात आणि पैसे ७१ जणांचेही येत नाहीत, असं होतं. यूपीआय ऑटोपे किंवा कार्डाच्या मँडेटवर, म्हणजे पैसे आपोआप कापायला ग्राहकाने दिलेल्या परवानगीवर, दर महिन्याला काही वसुल्या फसतात: खात्यात शिल्लक नसते, कार्ड बदललेलं असतं. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते आणि ती पाहून काही जण मँडेट रद्द करतात. म्हणून ७१ हा आकडा यशस्वी वसुल्यांचा समजावा. महिन्याला ५ टक्के जण गळत असतील, तर ७१ वर टिकून राहायलाच दर महिन्याला ४ नवे लागतात.

अंदाज आणि बँक जुळत नसेल तर

एका महिन्याचं गेटवेचं सेटलमेंट स्टेटमेंट उघडा. खात्यात आलेली रक्कम यशस्वी वसुल्यांच्या संख्येने भागा. ७१ वसुल्यांचे ६,०३४ रुपये अपेक्षित होते आणि आले ५,५९१, असं समजा. माणशी ८५ ऐवजी पावणेएकोणऐंशी. आधी किमती तपासा: सुरुवातीच्या सवलतीत ७९ रुपयांना घेतलेले २० जण निघाले, तर त्यांच्याकडून माणशी ६७ रुपये ८१ पैसेच येतात आणि ३४३ रुपयांची तूट तिथेच सापडते. उरलेली साधारण ९९ रुपयांची तूट म्हणजे एक परतावा, ज्यात वाचकाला पूर्ण रक्कम गेली पण कापलेलं शुल्क परत आलं नाही.

तूट याहून मोठी असेल, तर तारखा पाहा. महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांतल्या वसुल्या पुढच्या महिन्यात जमा होतात. त्या जुळवूनही फरक राहिला, तर परदेशी कार्डांच्या ओळी वेगळ्या काढा, कारण त्यांचा दर देशी कार्डांपेक्षा जास्त असतो. दुबई किंवा लंडनचे वाचक वाढले असतील, तर सूत्रातले ०.१२ बदलून तिथे त्या महिन्याची जीएसटी वगळून खरी टक्केवारी घाला आणि आकडा पुन्हा काढा.