एका स्लाईडवर एकच काम: घरच्या सोयाबीनची उगवण चाचणी कॅरोसेलमध्ये कशी मांडावी

मृग जवळ आला की आमच्याकडे घरोघरी घरचं सोयाबीन बाहेर निघतं. ते उगवेल का, हे पेरणीआधी बारदान्यात तपासता येतं. गावातल्या तरुणांना ही चाचणी इन्स्टाग्रामवर कॅरोसेल करून दाखवायची असते आणि सुरुवात बहुतेक वेळा अशा एका वाक्याने होते:

"पोत्यातून बियाणे घेऊन त्यातील १०० दाणे मोजून ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडून वरून दुसरा ओला बारदाना झाकून गुंडाळी करून सावलीत ठेवावे व रोज पाणी शिंपडावे."

वाक्य चुकीचं नाही, पण मराठीत क्रियापदाला लागणारं 'ऊन' पायऱ्या लपवतं. म्हणून आधी पेन घ्या आणि क्रियापदांना लागलेल्या प्रत्येक 'ऊन'खाली रेघ मारा. 'पोत्यातून' आणि 'वरून' सोडा, ती क्रियापदं नाहीत. घेऊन, मोजून, मांडून, झाकून, करून ही पाच कामं झाली. शेवटची ठेवावे आणि शिंपडावे धरली की सात.

आता विशेषणं तपासा, कारण तीही काम लपवतात. 'ओल्या' या एका शब्दात बारदाना भिजवणं आणि पिळणं अशी दोन कामं आहेत. त्यातलं पिळणं राहून गेलं तर बारदान्यात पाणी साचतं आणि दाणे कोंब येण्याऐवजी कुजतात. मग चांगलं बियाणंही नापास ठरतं. ज्या पायरीवर चाचणी बिघडते, तिला स्वतःची स्लाईड मिळालीच पाहिजे. नऊ झाली. कोंब मोजायचं तर वाक्यात आलंच नव्हतं, ते दहावं.

आता प्रत्येक काम आज्ञेत लिहा. 'मोजावेत' नको, 'मोजा' लिहा. क्रियापद एकच, तेही शेवटी, आणि शब्द सहा-सातच्या आत:

१. वरून, मधून, तळातून मूठ-मूठ बी घ्या.
२. न निवडता १०० दाणे मोजा.
३. बारदान्याचे दोन तुकडे भिजवा.
४. पाणी गळणं थांबेपर्यंत पिळा.
५. एका तुकड्यावर दहा-दहाच्या दहा ओळी लावा.
६. दुसरा तुकडा वरून झाका.
७. दोन्हींची सैल गुंडाळी करा.
८. गुंडाळी सावलीत ठेवा.
९. रोज पाणी शिंपडा.
१०. सातव्या दिवशी धडधाकट कोंब मोजा.

दुसऱ्या पायरीतलं 'न निवडता' मी मुद्दाम ठेवलं आहे. हात आपोआप टपोऱ्या दाण्यांकडे जातो आणि आकडा फुगतो. अशी सूचना तिच्याच स्लाईडवर हवी. शेवटी 'टीप' म्हणून दिली तर तोवर दाणे मोजून झालेले असतात. मात्र का निवडायचे नाहीत, याचं स्पष्टीकरण कॅप्शनमध्ये जाऊ द्या.

पहिलं पान धरलं तर अकरा स्लाईड झाल्या. बारावी हिशेबाची. शंभरात ७० किंवा जास्त कोंब आले तर एकरी ३० किलो बी पुरतं. कमी आले तर ३० ला ७० ने गुणा आणि आलेल्या कोंबांनी भागा. ६० आले तर ३५ किलो. हा हिशेब दहाव्या पायरीच्या स्लाईडवर कोंबू नका. मोजणं हे हाताचं काम आहे, हिशेब डोक्याचा. इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये २० स्लाईड मावतात, त्यामुळे जागेसाठी दोन पायऱ्या जोडायची गरज पडत नाही.

पायरीच्या प्रत्येक स्लाईडच्या कोपऱ्यात '५/१०' असा पायरीचा आकडा मोठा टाका. गावात पूर्ण पोस्ट कमी फिरते. एखाद्या स्लाईडचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर जास्त फिरतो. आमच्या एका काकांकडे फक्त ओळी लावायची स्लाईड पोचली. तिच्यावर आकडा नव्हता, म्हणून त्यांनी कोरड्याच बारदान्यावर दाणे मांडले आणि दोन दिवस वाट पाहिली. '५/१०' दिसलं असतं तर आधीच्या चार त्यांनी मागून घेतल्या असत्या.

फोटोतही एकच काम दिसू द्या: हात, वस्तू आणि मोकळी जागा. अक्षरं दाण्यांच्या ढिगावर टाकू नका, वावरातल्या उन्हात ती वाचता येत नाहीत.

पोस्ट टाकण्याआधी ही चाचणी कधीच न केलेल्या माणसाच्या हाती फोन, बारदाना आणि बी द्या. आपण बोलायचं नाही, तो कुठे थांबतो ते पाहायचं. माझी वहिनी सातव्या पायरीवर थांबली: "सैल म्हंजे किती सैल?" तिथे मी शब्द वाढवले नाहीत, फोटो बदलला. नव्या फोटोत गुंडाळीच्या तोंडात एक बोट सहज गेलेलं दिसतं.