सोसायटीच्या आयडिया स्पर्धेची नोटीस काढताय? या चुका टाळा

स्पर्धेची नोटीस लिहिताना सेक्रेटरींची एक ओळ ठरलेली असते, "परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील", आणि तेवढ्यावर नियम संपतात. मार्क कशावर मिळणार हे कुठेच नाही, मग निकालानंतर लोक विचारणारच ना, आणि त्यांचं काही चुकत नाही.

निकष तीनच ठेवा: किती घरांना उपयोग होईल, खर्च किती, आणि सोसायटीला स्वतःच्या बळावर जमेल का. "कल्पकता" वगैरे टाकू नका, प्रत्येक परीक्षक त्याचा वेगळाच अर्थ लावतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मार्कांची बेरीज करण्यात. समजा तीन परीक्षक आहेत आणि दोन आयडिया उरल्यात, पार्किंगची नवी आखणी आणि जिन्यात सेन्सरचे दिवे. पहिले दोघं पार्किंगला 10 पैकी 8 आणि दिव्यांना 7 देतात, तिसरे मात्र पार्किंगला 3 आणि दिव्यांना थेट 9. बेरीज केली तर पार्किंग 19, दिवे 23, म्हणजे तिघांपैकी दोघांना पार्किंग आवडूनही दिवे जिंकले, कारण तिसऱ्यांचा हात मार्क देताना एकदम वर नाहीतर एकदम खाली जातो. यात लबाडी कुणाचीच नाही, पण निकाल एकट्या माणसाने ठरवला.

म्हणून शेवटच्या फेरीत मार्कांऐवजी क्रमांक लावायला सांगा. वरच्याच उदाहरणात पार्किंगचे क्रमांक 1, 1, 2 म्हणजे बेरीज 4, दिव्यांचे 2, 2, 1 म्हणजे 5, कमी बेरीज जिंकली. हां, पंचवीस चिठ्ठ्यांना क्रमांक लावणं कुणालाच धड जमत नाही, तिथे आधी नुसतं "हो" किंवा "नाही" करून पाचच उरवा आणि मग क्रमांक. बेरीज सारखी आली तर काय, तेही आधीच लिहा, उदा. कमी खर्चाची आयडिया पुढे. टाय झाल्यावर नियम शोधत बसलात की तो कुणासाठी तरी केला असंच वाटतं.

चिठ्ठीवर फ्लॅट नंबर दिसला की निकाल तिथेच वाकडा होतो, त्यामुळे परीक्षक नसलेल्या एकाने प्रत्येक चिठ्ठीला कोड द्यायचा आणि नावांची यादी स्वतःकडे ठेवायची. परीक्षकांच्या घरातली एंट्री घ्यायचीच नाही.

नोटीशीत मग एवढं लिहिलं तरी पुरतं:

"एका घरातून एकच आयडिया, एका पानात, नाव वेगळ्या कागदावर. रविवारी रात्री 8 पर्यंत ऑफिसच्या पेटीत. निकष: उपयोग, खर्च, जमण्यासारखं आहे का. पाच निवडून क्रमांक लावले जातील, बरोबरी झाल्यास कमी खर्चाची आयडिया विजयी. बक्षीस मिळालं म्हणजे काम मंजूर झालं असं नाही, खर्चाचा निर्णय मीटिंगमध्येच होईल."

ती शेवटची ओळ जागा कमी पडली म्हणून कापू नका, नाहीतर जिंकलेला माणूस पुढच्या महिन्यात "काम कधी सुरू करताय" म्हणून विचारत येतो आणि कमिटीकडे उत्तर नसतं.